रिकामा नॉनस्टिक तवा आणि मोठा गॅस: पहिल्या तीन मिनिटांत काय होतं

नॉनस्टिक तव्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक सूचना असते: रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवू नका. ती वाचली तरी पाळली जात नाही, कारण आपल्याकडे तवा तापवण्याची रीतच ती आहे. तवा शेगडीवर ठेवायचा, गॅस मोठा करायचा आणि तो चांगला तापेपर्यंत पीठ मळून घ्यायचं. लोखंडी तव्याला हे चालतं, किंबहुना त्याला तसंच तापवावं लागतं. नॉनस्टिकला का चालत नाही, हे कारणासकट कळलं तर सूचना लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. म्हणून या लेखात एवढी एकच गोष्ट नीट उलगडून सांगतो.

आधी तो काळा थर कशाचा आहे ते पाहू. बाजारातल्या बहुतेक नॉनस्टिक भांड्यांवर पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा थर असतो. टेफ्लॉन हे त्याचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं व्यापारी नाव. १९३८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होते, तेव्हा वायूच्या एका टाकीत त्यांना वायूऐवजी पांढरी, मेणचट भुकटी सापडली. ती म्हणजे पीटीएफई. कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी आणि तिला सगळ्या बाजूंनी फ्लोरिनच्या अणूंचं घट्ट आवरण, अशी त्याची रचना असते. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो की फ्लोरिन दुसऱ्या कशाशी सहसा जुळवून घेत नाही. त्यामुळे तेल, पाणी, अंडं, पीठ यातलं काहीच त्याला धरून बसत नाही.

मग हा थर स्वतः तव्याला कसा चिकटतो? त्यासाठी कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आधी खरखरीत करतात, त्यावर चिकटणाऱ्या रेझिनचं मिश्रण असलेला पहिला हात देतात, वर पीटीएफईचे एक-दोन हात मारतात आणि सगळं भट्टीत भाजून पक्कं करतात. इतकं करून तयार होणारा थर असतो फक्त २० ते ४० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याच्या जिवावर तव्याची किंमत ठरते, तो थर केसाच्या निम्म्या जाडीचा असतो, आणि त्याच्याखाली साधं अ‍ॅल्युमिनियम.

या थराला उष्णता किती सोसते? २६० अंश सेल्सिअसपर्यंत त्याला काही होत नाही. रोज वापरलं तरी चालेल अशी ही मर्यादा आहे. त्यापुढे त्याची झीज सुरू होते, आधी अगदी हळू. ३२७ अंशांना पीटीएफईचे स्फटिक वितळतात. थर पाण्यासारखा वाहत नाही, पण पार मऊ पडतो. साडेतीनशेच्या पुढे त्या लांब साखळ्याच तुटू लागतात आणि त्यातून फ्लोरिन असलेले वायू आणि डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. चारशेच्या वर हे तुटणं झपाट्यानं होतं. म्हणजे २६० ही रेषा ओलांडली की त्याच क्षणी विष तयार होतं असं नाही, पण तिथून पुढचा प्रत्येक अंश थराचं आयुष्य खातो, आणि आणखी शंभर अंशांनंतर प्रश्न फक्त तव्याचा राहत नाही, घरातल्या हवेचाही होतो.

आता खरा मुद्दा: २६० अंश म्हणजे खूप लांबची गोष्ट वाटते. पाणी शंभरला उकळतं, भजी १८० च्या आसपास तळली जातात, मग २६० कशाला गाठेल? रिकामा तवा ते किती लवकर गाठतो, याचा हिशेब आपण करून बघू.

सांगलीतलं एक साधं स्वयंपाकघर धरा. दोन बर्नरची शेगडी, त्यातला मोठा बर्नर पूर्ण उघडला की साधारण २ किलोवॅट उष्णता देतो. ज्वाळेतली बरीच उष्णता तव्याच्या कडेनं वर निघून जाते, म्हणून निम्मी तव्यात शिरते असं मानू. म्हणजे दर सेकंदाला १००० ज्यूल. तवा मध्यम जाडीचा, ७०० ग्रॅमचा. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम एका अंशानं तापवायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे आख्ख्या तव्याला ६३० ज्यूल. दर सेकंदाला १००० ज्यूल येत असतील तर तवा सेकंदाला दीड अंशाहून जास्त वेगानं तापतो. सकाळी ३० अंशांवर असलेल्या तव्याला २६० पर्यंत जायला २३० अंश चढायचे आहेत. भागाकार केला तर सुमारे अडीच मिनिटं येतात. तापलेला तवा थोडी उष्णता हवेत टाकतो तीही धरली तर तीन मिनिटांच्या आसपास. आणि हा झाला आख्ख्या तव्याचा सरासरी हिशेब. ज्वाळेच्या कड्याच्या बरोबर वर असलेला भाग त्याआधीच तिथं पोचलेला असतो.

तवा पातळ असेल तर वेळ आणखी कमी होतो. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला ४०० ग्रॅमचा तवा घेतला तर हाच हिशेब दीड मिनिटावर येतो. कणीक मळायला घ्यावी, मध्येच दारावर दूधवाला यावा, त्याला पैसे देऊन आत यावं, एवढ्यात तवा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. तेवढ्यावर तो थांबतही नाही. मोठ्या ज्वाळेवर विसरलेला रिकामा तवा चढत चढत चारशेच्या पुढे जाऊ शकतो.

तव्यात पदार्थ असला की चित्र का बदलतं? कारण पदार्थात पाणी असतं, आणि पाणी उष्णता प्रचंड खातं. हे घरातल्या जमाखर्चासारखं आहे. ज्वाळेतून येणारी उष्णता ही तव्याची जमा, पदार्थात आणि हवेत जाणारी उष्णता हा खर्च, आणि तव्याचं तापमान म्हणजे हातात उरलेली शिल्लक. एका धिरड्याचं उदाहरण घेऊ. पळीभर पिठात साधारण ५० ग्रॅम पाणी असतं. ते ३० वरून १०० अंशांना न्यायला सुमारे १५ हजार ज्यूल लागतात. त्यातलं निम्मं पाणी वाफ होऊन उडालं तर आणखी ५६ हजार. म्हणजे एक धिरडं शिजताना जवळजवळ ७० हजार ज्यूल खर्ची पडतात. आपल्या ७०० ग्रॅमच्या तव्याच्या भाषेत सांगायचं तर ही उष्णता त्याला ११० अंशांनी चढवायला पुरली असती. मध्यम आचेवर धिरडं व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात जितकं जमा होतं तितकंच खर्च होतं, आणि तवा दीडशे ते दोनशेच्या दरम्यान सुखानं राहतो. धिरडं काढलं आणि पुढची पळी ओतायला उशीर झाला की खर्च थांबतो, जमा मात्र चालूच राहते.

म्हणून मला वाटतं की 'मोठी आच वाईट' या सूचनेपेक्षा 'मोठी आच आणि रिकामा तवा ही जोडी वाईट' हे सांगणं जास्त खरं आहे. नॉनस्टिक कढईत भरपूर रस्सा उकळत असताना आच मोठी असली तरी तळाशी पाणी असल्यामुळे थर शंभराच्या थोडाच वर असतो. तोच रस्सा आटून कडेला सुकला आणि तळ कोरडा पडला की धोका सुरू होतो.

भाकरीचा प्रश्न

सातारा-सांगलीच्या घरांत हा विषय धिरड्यापेक्षा भाकरीपाशी जास्त अडतो. लग्नात आहेर म्हणून आलेला किंवा हप्त्यानं घेतलेला नॉनस्टिक तवा घरात येतो, दिसायला चकचकीत असतो, धुवायला हलका असतो, आणि थोड्याच दिवसांत त्यावर भाकऱ्याही पडायला लागतात. ज्वारीची भाकरी नॉनस्टिकवर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण वरच्या जमाखर्चातच आहे.

भाकरीला तवा कडक तापलेला लागतो. पिठाची चिमूट टाकली की ती लगेच तांबूस व्हायला हवी, इतका. तवा थंड असेल तर भाकरीला पापुद्रा सुटत नाही, ती वातड होते आणि फुगत नाही. म्हणजे सुरुवातीलाच तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवावा लागतो, आणि तोही मर्यादेच्या अगदी जवळ. पुढे भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि फुगवण्यासाठी बाजूच्या बर्नरवर थेट ज्वाळेवर घेतली. तेवढा वेळ पहिल्या बर्नरवर तवा रिकामा आणि गॅस मोठा. पुढची भाकरी थापून तयार असेल तर ठीक, थापताना चिरली आणि परत मळायला घेतली तर आणखी एक मिनिट. आठ-दहा भाकऱ्यांत असे रिकामे मिनिट मिळून एका बैठकीत थर वारंवार २६० च्या पलीकडे जाऊन येतो. रोज सकाळ-संध्याकाळ हेच चाललं तर तव्याच्या मध्यभागी काही महिन्यांत फिकट, खरबरीत गोल चट्टा दिसायला लागतो. ज्वाळेच्या कड्याचा तो ठसा असतो.

लोखंडी किंवा बिडाच्या तव्याचं तसं नसतं. त्याला जळायला वरचा प्लॅस्टिकचा थरच नसतो. तेलाचा मुरलेला थर जळाला तरी पुन्हा तेल लावून तो बसवता येतो. ज्याच्याकडे खापराचा तवा आहे त्यानं तर भाकरीसाठी दुसरीकडे बघूच नये. नॉनस्टिक तवा धिरडी, आंबोळी, अंड्याची पोळी, पनीर, मासे असल्या चिकटणाऱ्या आणि मध्यम आचेवर होणाऱ्या पदार्थांसाठी ठेवावा. चपातीचं काय, असं विचारलं जातं. चपाती भाकरीपेक्षा कमी आचेवर होते आणि पाठोपाठ लाटत राहिलं तर तवा फार वेळ रिकामा राहत नाही, त्यामुळे मध्यम आचेवर चालून जातं. पण घरात लोखंडी तवा असेल तर तोच बरा.

खर्ड्याबद्दलही सांगायलाच हवं. आपल्याकडे हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावरच भाजतात, वर जाडं मीठ टाकतात आणि पेल्याच्या किंवा वाटीच्या बुडानं तव्यातच रगडतात. नॉनस्टिकवर याइतका घातक प्रकार दुसरा नसेल. पीटीएफई थंड असतानाही मऊच असतं, तापल्यावर आणखी मऊ पडतं. त्या अवस्थेत मिठाचे टोकदार खडे स्टीलच्या बुडाखाली घासले की थर खरवडून खर्ड्यात उतरतो. मिरच्या भाजायच्या असतील तर थोड्या तेलात मध्यम आचेवर परता आणि रगडायला खलबत्त्यात घ्या, किंवा सगळंच लोखंडी तव्यावर करा. कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरच्या, खोबरं, धणे कोरडे भाजतानाही हेच. कोरड्या जिनसांत पाणी नसतं, त्यामुळे त्या तव्याची उष्णता फारशी खात नाहीत, आणि तवा भरलेला दिसला तरी हिशेबानं तो जवळपास रिकामाच असतो.

तवा किती तापलाय हे कळायचं कसं

थर्मामीटर प्रत्येकाकडे नसतो. लोखंडी तव्यावर आपण पाण्याचा शिपका मारून बघतो. थेंब चुरचुरत नाहीसे झाले की तवा तापला, आणि गोळ्या होऊन पळायला लागले की कडक तापला. नॉनस्टिकवर ही खूण फसवते. त्या थराला मुळातच पाणी धरत नाही, त्यामुळे थेंब थंड तव्यावरही गोल होऊन घरंगळतात, आणि तापल्यावर पळायलाही ते लवकर लागतात. थेंब चुरचुरला तर तवा शंभराच्या वर गेला, एवढंच पक्कं समजावं.

तेल मात्र चांगली खूण देतं, आणि म्हणूनच तवा रिकामा न तापवता सुरुवातीलाच अर्धा चमचा तेल टाकून तापवावा. तेल पातळ होऊन तव्यावर सहज पसरायला लागलं, त्यावर हलक्या लहरी दिसायला लागल्या की धिरडं टाकायची वेळ झाली. तेलातून धूर यायला लागला तर ती वेळ टळून गेली आहे. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, म्हणजे ते फार आधी सावध करतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० च्या सुमारास धुरतं. तिथून २६० फक्त तीस अंश दूर असतात, आणि मोठ्या आचेवर तीस अंश म्हणजे अर्धं मिनिटही नाही. साजूक तूप २५० च्या आसपास धुरतं, त्यामुळे तुपाच्या धुराची वाट बघणं म्हणजे मर्यादेला हात लावूनच परत येणं. लोण्यानं हे सगळ्यात सोपं कळतं. लोणी फेसाळून शांत झालं की तवा तयार, तपकिरी व्हायला लागलं की आच कमी करायची.

तेलाच्या खुणेला एक अट आहे: तवा सपाट हवा. तापलेला तवा नळाखाली धरायची सवय ज्या घरात आहे, तिथं तव्याचा तळ हळूहळू वाकतो. गरम धातू एकाएकी थंड पडला की तो असमान आकुंचन पावतो आणि मधला भाग फुगून वर येतो. अशा तव्यावर तेल टाकलं की ते कडेला जमतं आणि मधला उंचवटा कोरडा राहतो. कडेचं तेल शांत दिसतं, मधला भाग मात्र रिकाम्या तव्यासारखा तापत असतो. तुमचा तवा असा झालाय का, हे बघायला तो थंड असताना उलटा ठेवा आणि तळावर मुलांच्या कंपासमधली पट्टी आडवी धरा. मध्ये फट दिसली तर तळ आत गेलाय, म्हणजेच वरून फुगलाय. थोडी फट असेल तर बारीक गॅसवर वापरता येईल, तेल ओघळून कडेलाच जात असेल तर त्याचे दिवस भरले. थर टिकवायचा असेल तर तवा ओट्यावर आपोआप थंड होऊ द्यावा आणि मग धुवावा. शिवाय अ‍ॅल्युमिनियम आणि पीटीएफई उष्णतेनं सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, थर धातूपेक्षा कितीतरी जास्त पसरतो. एकदम गरम, एकदम थंड अशा झटक्यांत दोघांमधला धर सुटत जातो आणि मग पापुद्रे निघतात.

इंडक्शन शेगडी असेल तर आणखी सांभाळायला हवं. तिथं उष्णता थेट तव्याच्या तळातच तयार होते, कडेनं वाया जात नाही. २००० वॅटवर रिकामा तवा गॅसपेक्षाही लवकर तापतो, आणि कॉइलच्या वरचा पट्टा बाकी तव्याच्या बराच पुढे असतो. ८०० वॅटच्या आसपास सुरू करावं आणि पदार्थ टाकल्यावर गरजेपुरतं वाढवावं.

धूर, ताप आणि पिंजऱ्यातले पक्षी

फार तापलेल्या थरातून निघणारे वायू आणि कण श्वासात गेले तर माणसाला फ्लूसारखा त्रास होतो. अंग कसकसतं, थंडी वाजून ताप येतो, छातीत जड वाटतं, कोरडा खोकला येतो. याला इंग्रजी वैद्यकात पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. यातली अडचण म्हणजे त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. दुपारी तवा जळालेला असतो आणि संध्याकाळी कणकण जाणवते, त्यामुळे दोष हवापालटाला दिला जातो. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आपोआप बरं वाटतं. पण धाप लागत असेल, छाती भरून येत असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांकडे जावं आणि नॉनस्टिक भांडं जळालं होतं हे आवर्जून सांगावं. तुम्ही सांगितलं नाही तर ते डॉक्टरांच्या लक्षात येणं अवघड आहे.

रोजच्या मध्यम आचेच्या स्वयंपाकात असं काही होत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगतो. असा त्रास प्रामुख्यानं विसरलेल्या, बराच वेळ रिकाम्या तापलेल्या भांड्यांमुळे होतो.

पक्ष्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असतात, श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा त्यांच्या फुप्फुसांतून ताजी हवा वाहते. त्यामुळे हवेत जे काही असतं ते त्यांच्या रक्तात फार लवकर पोचतं. माणसाला काहीच जाणवलं नाही अशा धुरानं पोपट, लव्हबर्ड्स काही मिनिटांत दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पिंजरा बहुतेक वेळा स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत टांगलेला असतो. तो तिथून हलवा. पक्षी पाळणाऱ्या घरात नॉनस्टिक वापरूच नये, असं मी सांगेन.

धूर दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तव्यातून जो निळसर धूर दिसतो तो बहुधा राहिलेल्या तेलाचा असतो. थरातून निघणाऱ्या वायूंना दर वेळी वास येईलच असं नाही. तवा विसरल्याचं लक्षात आलं की आधी गॅस बंद करा. तवा उचलू नका, त्यावर पाणी ओतू नका. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, मुलांना, म्हाताऱ्यांना आणि पिंजरा असेल तर त्याला घेऊन बाहेर पडा, आणि हवा खेळून तवा थंड होईपर्यंत आत येऊ नका.

खोक्यावरचं 'पीएफओए-फ्री' वाचून अनेकांचा गैरसमज होतो. पीएफओए हे पीटीएफई तयार करताना वापरलं जाणारं वेगळं रसायन होतं. ते निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतं आणि शरीरात साठतं. म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं आणि अशा टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २०१९ साली ते आलं. ते नसणं चांगलंच आहे. पण त्याचा उष्णतेच्या मर्यादेशी काही संबंध नाही. पीएफओए-फ्री तवाही २६० अंशांपर्यंतचाच असतो. सिरॅमिक लेप म्हणून मिळणाऱ्या तव्यांवर मात्र पीटीएफई नसतं, सिलिकापासून बनलेला लेप असतो. त्यातून हे फ्लोरिनचे वायू निघत नाहीत, पण मोठ्या आचेनं त्याचा गुळगुळीतपणा पीटीएफईपेक्षाही लवकर जातो.

थर किती दिवस टिकतो

स्वस्त, पातळ तवा वर्ष-दोन वर्षं आणि जाड, चांगल्या प्रतीचा तवा सांभाळून वापरला तर चार-पाच वर्षं, असा साधारण अंदाज धरावा. वर्षं मोजण्यापेक्षा तव्याकडे बघणं जास्त उपयोगाचं. आणि बघताना एक चूक टाळायची. धिरडं चिकटायला लागलं की लोक समजतात थर गेला. पुष्कळदा थर शाबूत असतो, त्यावर जळलेल्या तेलाचं तपकिरी, चिकट कवच बसलेलं असतं, विशेषतः कडेनं. तेल जास्त तापलं की ते वार्निशसारखं घट्ट होतं. अशा वेळी तव्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळा, थंड झाल्यावर मऊ स्पंजनं पुसा. कवच निघालं आणि खाली एकसारखा काळा पृष्ठभाग दिसला तर तवा अजून चांगला आहे. तारेच्या घासणीनं खरवडलं तर कवचाबरोबर थरही जातो.

सोड्यानंही फरक पडला नाही, मधला गोल भाग राखाडी, निस्तेज आणि बोटाला खरबरीत लागला, तर तो उष्णतेनं मेलेला थर आहे. तो परत येत नाही. चंदेरी ओरखडे दिसले म्हणजे अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलंय. कडा उचलून पापुद्रे सुटत असतील तर तवा त्याच दिवशी बाजूला काढावा. पापुद्रा चुकून पोटात गेला म्हणून घाबरायचं कारण नाही, पीटीएफई पचत नाही आणि कशाशी मिसळतही नाही, जसंच्या तसं शरीराबाहेर पडतं. तवा बाद करायचं कारण वेगळं आहे. एकदा पापुद्रे सुटले की उरलेला थर भराभर निघतो, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर टोमॅटो, चिंच, आमसूल असं आंबट शिजवलं की धातू अन्नात उतरतो.

आणि हा बाद झालेला तवा शेतावरच्या घरी चुलीवर वापरायला पाठवू नका. हे आपल्याकडे फार होतं. वापरून जुना झालेला तवा वस्तीवर जातो, तिथं शेंगा भाजायला, मिरच्या परतायला उपयोगी पडतो. पण लाकडाच्या जाळाला गॅससारखा कॉक नसतो, आच आवरता येत नाही, आणि तव्यावरचा थर गेलेला दिसला तरी कडेला आणि तळाच्या खळग्यांत तो शिल्लक असतोच. चुलीवर तो साडेतीनशेच्या पुढे सहज जातो, आणि चुलीपुढे बसणारी बाई तोंड तव्याशी ठेवूनच बसलेली असते. असा तवा सरळ भंगारवाल्याला द्या. नुसतं अ‍ॅल्युमिनियम म्हणूनही तो घेतो.